सुकाणू कधी फिरवायचं नाही, हे यंत्राला कसं कळतं?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूझीलंडच्या नौदलाचं सर्वेक्षण जहाज ‘मानावानुई’ सामोआच्या उपोलू बेटाच्या दक्षिणेला प्रवाळाच्या खडकावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. जहाजावरचे ७५ जण वाचले. पुढे चौकशीत निघालेलं कारण वाचून अनेकांनी कपाळावर हात मारला. जहाज ऑटोपायलटवर होतं आणि ते तसं आहे हे ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षातल्या लोकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण दिलेले हुकूम जहाज पाळत नाही, म्हणजे यंत्रणेत बिघाड झाला असावा असं त्यांना वाटलं. यंत्र मात्र त्याला नेमून दिलेलं काम चोख करत होतं, जहाजाचं नाक ठरलेल्या दिशेला धरून ठेवण्याचं. त्या दिशेला जमीन होती.

तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला विचारतात, की हा ऑटोपायलट नक्की करतो काय? त्याला समोरचं काही दिसतच नाही का? उत्तर सोपं आहे: नाही दिसत. त्याला फक्त दिशा कळते. पण एवढंच कळणाऱ्या यंत्राकडून हजारो टनांचं धूड भर समुद्रात अंशाअंशाने सरळ नेणं किती नाजूक काम आहे, ते बघण्यासारखं आहे. त्यात सगळ्यात अवघड भाग सुकाणू फिरवण्याचा नाही, न फिरवण्याचा आहे.

मोज, वजाबाकी कर, फिरव, पुन्हा मोज

जहाजाचं नाक ज्या दिशेला आहे तिला हेडिंग म्हणतात आणि ती अंशांत मोजतात. उत्तर शून्य, पूर्व ९०, पश्चिम २७०. जायरो होकायंत्र हे हेडिंग सतत सांगत राहतं. समजा अधिकाऱ्याने २७० हा कोर्स, म्हणजे धरून ठेवायची दिशा, लावला आहे आणि जायरो २६७ दाखवतोय. फरक तीन अंशांचा. ऑटोपायलट या फरकावरून सुकाणू किती फिरवायचं ते ठरवतो. सुकाणू फिरलं की जहाज वळतं, जायरोचा आकडा बदलतो, पुन्हा वजाबाकी होते. हा फेरा अखंड चालतो. तुम्ही गिझरचं पाणी हात लावून बघता, थंड वाटलं तर नळ फिरवता आणि पुन्हा हात लावता, तोच प्रकार. अभियंते याला फीडबॅक लूप म्हणतात, आपण फेरा म्हणू.

गिझरचा दाखला दुसऱ्या कारणानेही बरोबर बसतो. नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो. मधल्या काळात उतावळा माणूस नळ आणखी फिरवतो आणि मग भाजून घेतो. जहाज तर याहून सुस्त. हिशोबासाठी १६० मीटर लांबीचं, १५ नॉट म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरने चाललेलं एक मालवाहू जहाज कल्पू. त्याला दोन गुणधर्म देऊ. सुकाणू एक अंश फिरवून तसंच ठेवलं तर जहाज शेवटी सेकंदाला ०.०५ अंश या वेगाने वळू लागतं, म्हणजे मिनिटाला तीन अंश. आणि या वेगाचा जवळपास दोन-तृतीयांश हिस्सा गाठायलाच त्याला ५० सेकंद लागतात. जपानी संशोधक नोमोतो यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं, की जहाजाचं वळणं समजून घ्यायला ढोबळ मानाने हे दोन आकडे पुरतात. पहिला आकडा सांगतो जहाज सुकाणूला किती मानतं आणि दुसरा सांगतो किती उशिरा मानतं.

नुसता फरक बघून चालत नाही

सगळ्यात भोळा ऑटोपायलट असा: जितका फरक तितकं सुकाणू. दहा अंशांचा फरक असेल तर सुकाणू दहा अंश, पाच उरला की पाच, शून्य झाला की मध्यावर.

आपल्या जहाजाचा कोर्स दहा अंशांनी बदलून बघू. सुकाणू दहा अंश फिरतं, जहाज सावकाश वळू लागतं आणि वेग घेतं. नव्या कोर्सवर पोचतं तेव्हा सुकाणू मध्यावर आलेलं असतं, पण जहाज मात्र भरात वळत असतं. ते साडेतीन अंश पुढे जातं. मग उलटं सुकाणू लागतं आणि ते परत येताना सव्वा अंश अलीकडे जातं. अशी एकेक डुलकी साडेतीन मिनिटांची. भरलेली हातगाडी गुळगुळीत फरशीवर ढकलून नेमकी भिंतीपाशी थांबवायची असेल, तर भिंतीला टेकल्यावर हात मागे घेऊन भागत नाही. आधीच मागे ओढायला लागावं लागतं.

ही गोष्ट हातावर सुकाणू धरणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. आपल्याकडच्या खलाशांत या माणसाला सुखाणी म्हणतात. जहाज वळू लागलं की कोर्स यायच्या आधीच तो सुकाणू सैल करतो, वेळ पडली तर उलटं देतो. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकेत असताना चांगले सुखाणी नक्की काय करतात याचा विचार केला, १९२२ मध्ये तो गणितात मांडला, आणि मग त्यावर बेतलेल्या यंत्राची चाचणी अमेरिकी युद्धनौका ‘न्यू मेक्सिको’वर झाली. त्याचं निरीक्षण असं, की अनुभवी माणूस नुसता फरक बघत नाही. जहाज किती वेगाने वळतंय हेही बघतो.

म्हणून सूत्रात दुसरं पद आलं. आपल्या जहाजासाठी ते असं बसतं:

```
सुकाणू = १ × फरक − ३७ × वळण्याचा वेग
```

आता तोच दहा अंशांचा बदल. जहाज अर्ध्यावर आलं, फरक पाच अंश उरला. या क्षणी ते सेकंदाला ०.११ अंशाने वळतंय. ३७ गुणिले ०.११ म्हणजे चार. पाचातून चार गेले, सुकाणूवर उरला एक अंश. भोळ्या यंत्राने इथे पाच अंश धरून ठेवले असते. हे यंत्र मात्र आधीच सैल झालंय, आणि जहाज दोन-अडीच मिनिटांत नव्या कोर्सवर अलगद टेकतं, पुढे जात नाही. ब्रिजवर याच पदाच्या खटक्याला ‘काउंटर रडर’ म्हणतात. हा ३७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच आपल्याला छळणार आहे.

वाऱ्यासाठी एक वही

वारा एकाच बाजूने सतत रेटत असेल तर सरळ जायलाही सुकाणू थोडं तिरकं धरावं लागतं. समजा चार अंश. वरच्या सूत्रात चार अंश सुकाणू मिळवायला चार अंशांचा फरक हवा, म्हणजे जहाज कायम चार अंश चुकलेल्या दिशेने जाणार. यावर उपाय म्हणून यंत्र एक वही ठेवतं. त्यात उरलेला फरक सेकंदासेकंदाला जमा होतो आणि त्या जमेइतकं जादा सुकाणू दिलं जातं. आपल्या जहाजावर दर असा ठेवू: एक अंशाचा फरक पाच मिनिटं राहिला तर वहीत एक अंश सुकाणू जमा. हळूहळू वहीत चार अंश साठतात, फरक शून्यावर येतो, आणि वारा पेलला जातो.

वही चांगली आहे, पण ती विश्वासाने चालते. आपण मागितलेलं सुकाणू खरोखर मिळतंय असं ती धरून चालते. तिथे ती फसते.

सुकाणू भिंतीला टेकतं तेव्हा

बहुतेक जहाजांवर सुकाणू दोन्ही बाजूंना ३५ अंशांपर्यंत फिरतं. एक वाचक म्हणेल, मग जास्त फिरवा की! सुकाणू हे पाण्यातलं पंख आहे. एका कोनापलीकडे पाणी त्याच्या पाठीवरून सुटं होतं, जोर वाढायचा थांबतो आणि सुकाणू नुसता ब्रेक होऊन बसतं. शिवाय पूर्ण वेगात एवढं सुकाणू दिलं तर जहाज कलतं, कंटेनरच्या बांधणीवर ताण येतो, खानसाम्याची भांडी जमिनीवर येतात. म्हणून अधिकारी ऑटोपायलटला आणखी आखूड दोरी देतो, उदाहरणार्थ दहा अंश. यंत्राने पन्नास मागितले तरी मिळणार दहाच.

दुसरी मर्यादा वेगाची. सुकाणू हायड्रॉलिक पंपांवर फिरतं. सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराची अट आहे, की पूर्ण वेगाने जाताना ते एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत पोचलं पाहिजे. ६५ अंश, २८ सेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे २.३ अंश. अनेक जहाजांवर सुकाणू याच्या आसपासच्याच वेगाने फिरतं.

आता मोठं वळण घेऊ, ६० अंशांचं. फरक ६०, मर्यादा दहा. सुकाणू लगेच दहावर जाऊन टेकतं. जहाज कमाल सेकंदाला अर्ध्या अंशाने वळू शकतं आणि सुरुवातीचा सुस्तपणा धरून ६० अंश पुरे व्हायला १६८ सेकंद लागतात. या काळात सरासरी फरक ३६ अंश. वहीचा लेखनिक मात्र इमानेइतबारे जमा करत बसलेला आहे: ३६ गुणिले १६८ सेकंद, पाच मिनिटांच्या दराने, म्हणजे तब्बल वीस अंश. हे वीस अंश कशाचे? वाऱ्याचे नाहीत. जहाज अजून पोचलं नव्हतं एवढ्याचेच. उधारी फेडायची ऐपत नसलेल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर व्याज चढत राहावं, तसं.

जहाज नव्या कोर्सवर येतं त्या क्षणी काय होतं बघा. फरक शून्य. वळण्याचा वेग जवळजवळ अर्धा अंश, त्याचे उलटे अठरा अंश. वहीतले सुलटे वीस. बेरीज अधिक दोन. म्हणजे कोर्स आलेला आहे, जहाज भरात वळतंय, आणि सुकाणू अजूनही त्याच बाजूला आहे! वही नसती तर सव्वीस-सत्तावीस अंश उरलेले असतानाच ते सैल व्हायला लागलं असतं. आता जहाज नव्या कोर्सच्या बरंच पलीकडे जाणार, कारण वहीतली जमा तिकडे उलटा फरक पडल्याशिवाय वजा होत नाही. बंदराच्या तोंडाशी, शेजारून दुसरं जहाज जात असताना, हे परवडत नाही.

उपाय दोन आणि दोन्ही साधे. पहिला: सुकाणू मर्यादेला टेकलेलं असेल तोवर वही बंद. दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्यात यंत्राकडे अशक्य मागणीच केली जात नाही. कोर्स एका झटक्यात ६० अंशांनी बदलायचा नाही. ऑटोपायलटला सांगायचं, की मिनिटाला वीस अंशांनी वळ. मग तो स्वतःच एक सरकता कोर्स तयार करतो आणि जहाजाला त्याच्या मागोमाग नेतो. मिनिटाला वीस अंशांसाठी आपल्या जहाजाला टिकवून सात अंशांपेक्षा कमी सुकाणू लागतं. दहाच्या आत. सुरुवातीला जहाजाला हलवायला थोडं जास्त लागेल तेवढंच.

हे ओळखायचं कसं? सुकाणूचा कोन दाखवणारा काटा बघायचा. तो दहावर चिकटून राहिलाय आणि हेडिंग तरीही कोर्सवरून घसरतंय, तर यंत्र बिघडलेलं नाही, त्याच्या हातात दिलेलं संपलंय. वाऱ्यासाठी बारा अंश लागत असतील आणि तुम्ही दहाचीच परवानगी दिली असेल, तर जगातला कोणताही ऑटोपायलट तो कोर्स धरू शकणार नाही.

पावसाळ्यातली एक रात्र

कॅडेट असताना माझी मध्यरात्री बारा ते चारची पाळी होती. जूनचा अरबी समुद्र, समोरून जराशा तिरक्या येणाऱ्या लांब लाटा. दीडच्या सुमारास इंजिनरूममधून थर्ड इंजिनिअरचा फोन आला. “वर काय चाललंय? सुकाणूला फेफरं आलंय का? खाली पंप दम खाईनात.”

मी काट्याकडे बघितलं. तो उजवीकडे पाच, डावीकडे पाच, पुन्हा उजवीकडे, असा थांबायचं नाव घेत नव्हता. हेडिंग मात्र कोर्सच्या आजूबाजूला अंशभरच हलत होतं. मला वाटलं, किती इमानदार यंत्र आहे.

पहाऱ्यावरचे सुखाणी दापोलीकडचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते शेजारी येऊन उभे राहिले. “अरे, बोट लाटेवर मान हलवते. हलवू दे. ती आपसूक परत येते. तिच्या प्रत्येक मानेमागे धावशील तर सकाळपर्यंत दमशील तू, ती नाही.” मग सेकंड मेट साहेबांनी पॅनेलवरचा ‘वेदर’ लिहिलेला खटका दोन घरं पुढे सरकवला, काउंटर रडर कमी केला, आणि काटा शांत झाला. हेडिंग तसंच अंशभर हलत राहिलं. आधीपेक्षा ना कमी, ना जास्त.

ते “ना कमी, ना जास्त” मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आकडे मांडल्यावर कळलं.

लाटेशी भांडून काय मिळतं?

लाट साडेआठ सेकंदांनी येतेय आणि नाक एक अंश इकडे, एक अंश तिकडे हलतंय असं धरू. डुलणं छोटं आहे, पण झपाट्याचं. मधून जाताना वळण्याचा वेग सेकंदाला ०.७४ अंश होतो, खऱ्या वळणात असतो त्याच्या दीडपट. आता तो ३७ चा आकडा आठवा. ३७ गुणिले ०.७४ म्हणजे २७ अंश. एका अंशाच्या डुलण्यासाठी यंत्र सुकाणू सत्तावीस अंश उजवीकडे आणि सत्तावीस अंश डावीकडे मागतं, तेही दर साडेआठ सेकंदांनी. त्यासाठी सुकाणू सेकंदाला वीस अंशांनी फिरायला हवं. पंपांची ऐपत २.३ ची. म्हणून ते जीव तोडून एका बाजूला निघतं, पाच अंशांवर पोचतं न पोचतं तोच हुकूम उलटतो. मी काट्यावर बघितलेले पाच आणि पाच ते हेच.

याने जहाज किती सावरलं जातं? सुस्तपणा ५० सेकंदांचा असलेल्या जहाजाला साडेआठ सेकंदांची हिसकाहिसकी जवळजवळ कळतच नाही. हिशोब केला तर पाच अंशांच्या या धडपडीने हेडिंगवर पडणारा परिणाम एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका. डुलणं एक अंशाचं, उपाय ०.०१ अंशाचा. पंप अमर्याद ताकदीचे लावून पुरे सत्तावीस अंश दिले असते, तरी अंशाचा विसावा भागसुद्धा सावरला नसता. खर्च मात्र खरा. दिवसाला दहा हजारांवर हेलकावे, सील आणि पंपांची झीज, आणि वाकड्या सुकाणूला पाण्याचा होणारा विरोध, म्हणजे जादा इंधन.

त्याहून वाईट एक गोष्ट नजरेला दिसत नाही. पंप सगळा वेळ लाटेमागे धावण्यात गुंतले, की वाऱ्यासाठी लागणारी ती हळुवार दोन-तीन अंशांची दुरुस्ती त्यांच्या वाट्याला नीट येतच नाही. खरं काम उशिरा होतं, आणि उशीर झाला की जहाज कोर्सच्या दोन्ही बाजूंना सावकाश नागमोडी जायला लागतं. जहाजामागचा पाण्याचा पट्टा वाकडा दिसू लागला, की समजावं.

गाळायचं, पण उशीर न करता

जुना उपाय म्हणजे फरक अमुक अंशांच्या आत असेल तर दुर्लक्ष करायचं. ‘वेदर’चा खटका जुन्या यंत्रांत साधारण हेच करायचा. लाट शांत होते, पण जहाजालाही त्या पट्ट्यात मोकळं रान मिळतं. ते एका कडेपर्यंत वाहत जातं, तिथे यंत्र जागं होतं, मग दुसऱ्या कडेपर्यंत.

दुसरा उपाय सरासरीचा. दवाखान्यात तान्ह्या बाळाचं वजन करताना काटा थरथरत असतो. नर्स थरथरीचा मध्य बघते आणि लिहिते. तसं शेवटच्या साडेआठ सेकंदांच्या हेडिंगची सरासरी काढली, तर एक अख्खी लाट चढउतारासकट त्यात येते आणि शून्य होऊन निघून जाते. किंमत काय? सरासरी नेहमी जुनी असते, इथे सव्वाचार सेकंद जुनी. मिनिटांत वळणाऱ्या जहाजाला हे चालून जातं.

गडबड होते ती लाट मागून आली की. खोल समुद्रात बारा सेकंदांच्या लाटेची लांबी २२५ मीटर आणि वेग ताशी ६७ किलोमीटर. आपलं जहाज २८ ने जातंय. समोरासमोर आले तर वेगांची बेरीज, लाट साडेआठ सेकंदांनी भेटते. तीच लाट पाठीमागून आली तर वजाबाकी, ती वीस सेकंदांनी भेटते. समोरून येणारी गाडी सर्रकन जाते आणि बाजूच्या रुळावरून ओलांडणारी रेंगाळते, तसं. समुद्र तोच, लाट तीच, पण गाळणीला सगळं बदललेलं दिसतं. साडेआठ सेकंदांची सरासरी वीस सेकंदांच्या लाटेला नीट गाळत नाही, आणि वीस सेकंदांची घेतली तर बातमी दहा सेकंद शिळी होते. फेऱ्यात उशीर वाढला की पुन्हा डुलक्या. गिझरच्या नळापाशी आलो परत.

म्हणून हल्लीच्या चांगल्या ऑटोपायलटमध्ये नुसती सरासरी नसते, जहाजाची एक मानसिक प्रतिमा असते. रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत कालमान फिल्टर म्हणून ओळखली जाते. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या येन्स बाल्चेन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ती जहाजांसाठी घडवली. कल्पना अशी: यंत्राला ठाऊक आहे की आपण सुकाणू किती दिलं आणि हे जहाज ते किती उशिरा मानतं. त्यावरून पुढच्या क्षणी हेडिंग किती असायला हवं याचा ते आधीच अंदाज बांधतं. जायरोचा आकडा आला की दोन्हींतला फरक निघतो. मग प्रश्न: हा फरक कुणाच्या नावावर टाकायचा? एवढ्या चटकन हे जहाज हलूच शकत नाही, आणि हलणं लाटेच्या ठेक्यात आहे, तर लाटेच्या नावावर. सावकाश एकाच बाजूला साठत जाणारा असेल, तर वाऱ्याच्या. उरलेला जहाजाचा. सुकाणूला फक्त जहाजाचा आणि वाऱ्याचा हिस्सा दाखवला जातो.

काका नेमकं हेच करत होते. त्यांना बोट ठाऊक होती, म्हणून तिची कोणती हालचाल तिची नव्हे हेही ठाऊक होतं. अर्थात प्रतिमा खरी असेल तोवरच ही वाटणी बरोबर होते. जहाज रिकामं झालं, वेग निम्मा झाला, की दोन्ही आकडे बदलतात: निम्म्या वेगात जहाज सुकाणूला निम्मंच मानतं आणि दुप्पट उशिरा मानतं. यंत्राला वेग कळवणारी वायर सुटलेली असेल किंवा कुणी हाताने चुकीचा आकडा भरलेला असेल, तर अतिशय हुशार फिल्टर पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या खात्यावर नोंदी करतो.

मग मागून मोठा समुद्र असताना काका चाकावर का जातात?

कारण तिथे वाटणीच जमत नाही. २४ नॉटने जाणाऱ्या कंटेनर जहाजाला नऊ सेकंदांची लाट थेट मागून आली, तर ती एका मिनिटाहून जास्त वेळाने भेटते. म्हणजे लाटेचा ठेका आणि जहाजाच्या स्वतःच्या वळण्याचा ठेका एकच झाला. लाट म्हणून गाळावं, तर जहाज खरोखर वळून आडवं होत असतं, आणि आडवं झालं तर पुढची लाट कुशीवर बसते. न गाळावं, तर सुकाणू लाटेमागे धावतं. त्यातच लाटेबरोबर पाणीही पुढे सरकत असल्याने सुकाणूची पकड ढिली होते. यंत्र हेडिंग हललं की मग हालचाल करतं. चाकावरच्या माणसाला पाठीमागचा पाण्याचा डोंगर उचलताना पायाखाली जाणवतो, आणि नाक हलायच्या आधीच तो सुकाणू देतो.

जीपीएस असताना हेडिंगचं एवढं कौतुक कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. नाक २७० वर असणं आणि जहाज २७० ला जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजूने दोन नॉटचा प्रवाह असेल, तर तासाभरात जहाज दोन सागरी मैल, म्हणजे पावणेचार किलोमीटर बाजूला गेलेलं असतं, आणि हेडिंगचा फरक सगळा वेळ शून्य. कोर्स सुटल्याचा अलार्म वाजत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही सुटलेलंच नाही. म्हणून नव्या जहाजांवर मार्ग पाळणारी यंत्रणा असते. ती जीपीएसवरून जहाज रेषेपासून किती सरकलं ते बघते आणि कोर्स दोन-तीन अंशांनी बदलून देते. पण तो बदललेला कोर्स धरायला खाली हाच हेडिंगचा फेरा असतो, हीच मर्यादा आणि हीच गाळणी. वरचा साहेब बदलला, सुखाणी तोच.

आणि जायरोच हळूहळू चुकत गेला, तर यंत्र त्याच्या मागे तितक्याच निष्ठेने जातं. पॅनेलवर तेव्हाही फरक शून्यच दिसतो. म्हणून पाळीवरचा अधिकारी जायरोचा आकडा चुंबकीय होकायंत्राशी ताडून बघतो. सोलासची अटही आहे, की बराच वेळ ऑटोपायलटवर काढल्यावर आणि जास्त दक्षता लागेल अशा भागात शिरण्याआधी हाताचं सुकाणू चालतंय का ते तपासायचं, आणि गर्दीत किंवा कमी दृश्यमानतेत ते तत्काळ हातात घेता आलं पाहिजे.

आमच्या ब्रिजवर ही तपासणी सुरू झाली की काका चाक आधी पाच अंश डावीकडे, मग पाच अंश उजवीकडे फिरवायचे. डोळे चाकावर नसायचे, छतालगतच्या सुकाणूच्या काट्यावर असायचे. काटा हलला की म्हणायचे, “आली हातात.” एकदा तो हलला नाही. काकांनी चाक सोडलं, वाकून बघितलं, आणि मोड बदलायचा खटका ‘ऑटो’वरून ‘हँड’वर नेला. मी तो फिरवायचा विसरलो होतो.